गणेशोत्सवातील कामांच्या पाळ्या: यादी कोणत्या टोकाने भरायला घ्यावी

प्रश्न: «आमचे कोल्हापूरच्या राजारामपुरीतील गल्लीचे मंडळ आहे, कागदावर ४६ कार्यकर्ते आहेत. सजावट, आरती, महाप्रसाद आणि साफसफाई अशा चार याद्या दरवर्षी आम्ही करतो. आरतीला आणि देखाव्याला माणसे भरपूर मिळतात, पण महाप्रसादानंतर आवरायला आणि रात्री मूर्तीपाशी थांबायला तेच चार-पाच जण उरतात आणि शेवटी भांडणे होतात. पाळ्यांची यादी नक्की कशी करावी?»

मी मंगळवार पेठेतील एका तालीम मंडळात गेली २० वर्षे पाळ्यांची वही सांभाळतो. माझ्या अनुभवाप्रमाणे तुमच्या अडचणीचे मूळ माणसांच्या स्वभावात थोडे आहे आणि यादी भरण्याच्या क्रमात जास्त आहे. बैठकीत आपण सजावटीपासून सुरुवात करतो, कारण ती सर्वांत आधी येते. मग आरती, मग प्रसाद आणि रात्रीचे अकरा वाजल्यावर, निम्मी मंडळी घरी गेल्यावर, साफसफाईची नावे लिहायला घेतो. तोवर प्रत्येकाने आपल्या आवडीच्या कामाला नाव दिलेले असते आणि «मी आधीच दोन ठिकाणी आहे» हे उत्तर त्याच्याकडे तयार असते. यादी नेमकी उलट्या टोकाने भरावी लागते, म्हणजे ज्या पाळीला कोणी हात वर करत नाही ती पहिल्यांदा. संध्याकाळची आरती अगदी शेवटी लिहिली तरी तिला माणसे मिळतात.

त्याच्याही आधी नावे बाजूला ठेवून फक्त पाळ्या मोजून घ्याव्यात. उदाहरणासाठी २०२५ सालचे दिवस घेऊ. त्या वर्षी २७ ऑगस्टला, बुधवारी, चतुर्थी होती आणि ६ सप्टेंबरला, शनिवारी, अनंत चतुर्दशी, म्हणजे उत्सव अकरा दिवसांचा. तिथीप्रमाणे हे दिवस कमी-जास्त होतात, त्यामुळे मागच्या वर्षीची यादी तारखा बदलून पुढे वापरता येत नाही. तुमच्याएवढ्या मंडळासाठी विसर्जनाचा दिवस सोडून रोजच्या पाळ्या अशा धराव्यात: सकाळची पूजा आणि आरती यासाठी दोन माणसे, दिवसा मूर्तीपाशी राखणीला दुपारी एकपर्यंत दोन आणि त्यापुढे दोन, संध्याकाळच्या आरतीला आणि प्रसाद वाटायला चार, रात्री ११ ते अडीच दोन आणि अडीच ते सकाळी सहा दोन, पहाटेच्या झाडलोटीला दोन आणि रात्री दहाच्या आवराआवरीला दोन. एकूण रोज १८ आणि दहा दिवसांच्या १८०.

त्यात बाकीची कामे मिळवावीत. मांडव आणि देखाव्याचे काम चतुर्थीच्या आधी बारा संध्याकाळी, रोज सहा जणांचे, म्हणजे ७२. देखावा बघायला गर्दी होते ती मुख्यतः घरगुती गणपती आणि गौरी गेल्यानंतर, तेव्हा ३, ४ आणि ५ सप्टेंबरच्या रात्री रांग लावायला आणि देखावा चालवायला आठ-आठ जण, म्हणजे २४. महाप्रसादाच्या ५२, त्यांचा हिशोब खाली देतो. विसर्जनाच्या २४ आणि नंतर मांडव, देखावा उतरवण्याच्या २०. सगळे मिळून ३७२ होतात. हा आकडा पहिल्यांदा बैठकीत फळ्यावर लिहिला तेव्हा आमच्याकडे बराच वेळ कोणी काही बोलले नाही. दरवर्षी हे सगळे पार पडत होते, पण किती पार पडते हे कोणी मोजलेच नव्हते.

आता माणसे. कागदावरच्या ४६ नावांवर विसंबू नका. प्रत्येकाला समक्ष भेटून तीन गोष्टी विचारा आणि त्याच्यासमोर लिहा: कोणत्या दिवशी येणे अजिबात शक्य नाही, दिवसातल्या कोणत्या वेळेला हमखास येता येईल आणि कोणते काम जमणार नाही. व्हॉट्सअॅपवर विचारले तर सगळे हात जोडल्याचे चिन्ह टाकतात आणि त्याचा होकार धरायचा की नमस्कार हे कळत नाही. समक्ष विचारल्यावर असे दिसते की काही जण आता पुण्याला नोकरीला आहेत आणि फक्त विसर्जनाला येतात, काहींची नावे वडिलांच्या काळापासून चालत आलेली आहेत. तुमच्या ४६ मधून ३४ खरे हात निघाले असे धरू. ३७२ पाळ्या ३४ जणांत म्हणजे माणशी साधारण ११, आणि त्या महिनाभरात विभागलेल्या. हे जड आहे, पण अशक्य नाही. माणशी पंधराच्या वर जात असेल तर माणसे शोधत फिरण्याऐवजी कार्यक्रम कमी करावा, असे मी स्पष्टपणे सांगेन.

या ३७२ मधल्या खरोखर नकोशा पाळ्या वेगळ्या काढा. आमच्या वहीत त्यांना «अवघड» म्हणतात. रात्री अडीच ते सहाची राखण, दहा रात्री, दोन-दोन जण: २०. महाप्रसादाची उष्टी काढणे, भांडी घासणे आणि शेवटचे धुणे मिळून: २०. विसर्जनानंतरचे उतरवणे: २०. एकूण ६०. ३४ पैकी साठीच्या पुढचे किंवा प्रकृतीमुळे हे न जमणारे चार जण बाजूला ठेवले तर ३० उरतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर दोन अवघड पाळ्या. तुमचे सगळे भांडण या एका भागाकारात आहे. तेच चार-पाच जण दरवर्षी बारा-बारा, पंधरा-पंधरा अवघड पाळ्या करतात आणि बाकीच्यांना याची कल्पनाही नसते. म्हणून पहिल्या बैठकीत दुसरे काहीही वाटू नका. प्रत्येकाला सांगा की आधी आपल्या दोन अवघड पाळ्या निवडा, मग सजावट असो वा देखावा, पुढच्या कामात नाव लिहिले जाईल. निवडायची मुभा असली की माणसे कुरकुरत नाहीत. ज्याला जागरण सोसते तो रात्री घेतो, ज्याला सोसत नाही तो भांडी घेतो. यातून अध्यक्ष आणि खजिनदार यांनाही सूट नसावी. ते पहिले नाव लिहितात तेव्हा यादी अर्ध्या तासात भरते, हे मी स्वतः पाहिले आहे.

दुसरा अडथळा गौरीचा आहे आणि आपल्या भागात तो फार मोठा आहे. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. २०२५ मध्ये हे दिवस ३१ ऑगस्ट, १ आणि २ सप्टेंबर असे आले होते. पहिला दिवस रविवार असल्यामुळे अनेक मंडळांच्या मनात त्याच दिवशी महाप्रसाद घ्यावा असे येणे साहजिक होते. परंतु ज्या घरी गौर येते त्या घरातली बाई तर नाहीच, पण पुरुष माणूसही त्या दिवशी मोकळा नसतो आणि पाहुणेही तेव्हाच येतात. ३४ पैकी १९ जणांच्या घरी गौरी असल्या तर या तीन दिवसांत हातात १५ माणसे राहतात आणि पाळ्या मात्र रोजच्या १८ असतातच. म्हणून अवघड पाळ्यांनंतर लगेच हे तीन दिवस भरावेत. ज्यांच्या घरी गौरी नाहीत त्यांना या तीन दिवसांत रोज एखादी जास्तीची पाळी द्यावी आणि त्याबदली नंतरच्या गर्दीच्या दिवसांत त्यांना मोकळे ठेवावे. आमच्या तालमीत मुस्लिम घरांतली मुले सभासद आहेत, आणि गौरीपूजनाच्या दिवशी दिवसभराची राखण कित्येक वर्षे तीच करतात. समोरच्या दुकानदाराला दुपारी लक्ष ठेवायला सांगितले तर त्या वेळेची एक पाळी वाचते, मात्र त्याला आदल्या दिवशी भेटून सांगावे, त्याला गृहीत धरू नये.

पूजेच्या पाळीबद्दल दोनच गोष्टी सांगतो, परंतु दोन्ही महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की आरतीचा मान आणि आरतीचे काम यांची सरमिसळ करू नका. संध्याकाळच्या आरतीचा मान रोज एका घराला द्यायची पद्धत चांगली आहे, पण त्या घरची माणसे नवे कपडे घालून तबक हातात घ्यायला येतात; वाती लावलेल्या आहेत का, दुर्वा आणि फुले आली आहेत का, कापूर संपला आहे का, हे बघणारी माणसे वेगळी आणि ती नावानिशी ठरलेली हवीत. मानाच्या यादीलाच कामाची यादी समजल्यामुळे आरती अर्धा तास खोळंबलेली मी पाहिली आहे. दुसरी गोष्ट सुतकाची. सकाळच्या पूजेला दोन माणसे नेमताना ती एकाच भावकीतली नसावीत. चुलत भाऊ-भाऊ एकत्र काम करायला सोयीचे असतात, परंतु भावकीत कोणी गेले किंवा कोणाला मूल झाले की सुतक किंवा सोयर दोघांनाही एकदमच लागते आणि दहा दिवसांसाठी पूजेची सगळी माहिती असलेली दोन्ही माणसे बाजूला होतात. वेगवेगळ्या घरांतली तीन माणसे पूजेची मांडणी शिकलेली असावीत, दोन पाळीला आणि एक राखीव.

रात्रीच्या राखणीत माणसे कमी पडतात त्याचे मोठे कारण पाळीची लांबी हे आहे. रात्री ११ ते सकाळी ६ ही सात तासांची पाळी लिहिली की कोणी तयार होत नाही, आणि झाला तरी पहाटे तीनला तो खुर्चीत झोपलेला सापडतो. साडेतीन तासांचे दोन भाग करा. जोडी लावताना एक वयाने मोठा आणि एक तरुण असा असावा. दोन मित्र एकत्र दिले तर दोघेही गप्पांनी दोनपर्यंत जागतात आणि मग दोघेही एकदमच झोपतात. मूर्तीपाशी चोवीस तास कार्यकर्ते हजर असावेत असे पोलीसही मंडळांना सांगतात, त्यामुळे रात्री फेरीवर आलेल्या पोलिसाला मांडवात जागा माणूस दिसला पाहिजे. राखण करणाऱ्याचे खरे काम मात्र दिव्याचे आहे. कापडी पडदे, कागदी फुले आणि उघडी समई हे एकत्र असताना कोणाचाही डोळा लागणे धोक्याचे आहे. अखंड दिवा ठेवायचाच असेल तर काचेच्या आत ठेवावा, धूप आणि उदबत्ती रात्रीच्या आवराआवरीत विझवावी आणि देखाव्याचा मुख्य बटण बंद केल्याची नोंद पाळी घेणाऱ्याने स्वतः बघून वहीत करावी. रात्रीची पाळी करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा किंवा झाडलोट देऊ नये, हा नियम मोडला की चौथ्या दिवसापासून माणसे दांडी मारू लागतात.

आता महाप्रसाद, कारण सगळ्या याद्यांची परीक्षा त्याच दिवशी होते. वर म्हटल्याप्रमाणे गौरी गेल्यानंतरचा दिवस घ्यावा. आपल्या उदाहरणात गुरुवार, ४ सप्टेंबर, दुपारी १२ ते ४. पाने १,२०० धरू. एका पंगतीला १५० माणसे बसली तर आठ पंगती होतात आणि जेवण पंचवीस मिनिटे, जागा पुसून पुन्हा पाने मांडायला पाच मिनिटे धरली की आठ पंगतींना चार तास लागतात. भात, आमटी, वांग्याची भाजी आणि गव्हाची खीर असा साधा बेत असेल तर एका वेळी दहा वाढपी पुरतात: प्रत्येक पदार्थाला दोन आणि पाण्याला दोन. एकाच तुकडीला चार तास वाकून वाढायला लावू नये. दोन तुकड्या करून त्यांनी आलटून पालटून पंगती घ्याव्यात, म्हणजे वाढपी २०. आदल्या रात्री भाजी चिरायला आणि गहू, तांदूळ निवडायला आठ, पहाटे पाचपासून आचाऱ्याच्या हाताखाली चार, उष्टी पाने उचलायला चार-चारच्या दोन तुकड्या, भांडी घासायला चार आणि शेवटी जागा धुऊन काढायला आठ. असे हे ५२ होतात.

यात वाढप्यांची काळजी करू नका. वाढायला सगळ्यांना आवडते, गल्लीतली कॉलेजची मुले आणि शेजारच्या मंडळाचे मित्र एका दिवसापुरते आनंदाने येतात, त्यामुळे वीसपैकी दहा वाढपी बाहेरचे घेता येतात आणि आपली माणसे अवघड जागी मोकळी होतात. भाजी चिरायला बायका आणि वाढायला पुरुष अशी वाटणीही न विचारता करू नये. आमच्याकडे विचारायला सुरुवात केली तेव्हा चार जणींनी वाढप्याच्या तुकडीत नाव दिले आणि तीन पुरुषांनी आपणहून विळी हातात घेतली.

सगळ्यांत नाजूक आहे ती चारनंतरची पाळी. जो सकाळपासून वाढतो आहे त्याच्याकडूनच शेवटी झाडूची अपेक्षा धरणे ही आमची कित्येक वर्षांची चूक होती. एका वर्षी तर वाढप्यांची यादी हीच सफाईची यादी होती. साडेचारला शेवटची पंगत उठली, सगळे «जरा पाठ टेकून येतो» म्हणून घरी गेले आणि संध्याकाळी सातपर्यंत तिथे आम्ही तिघेच होतो. उष्ट्या पत्रावळी पोत्यांत भरून भिंतीला लावल्या होत्या, भाड्याच्या पातेल्यांना तळाशी भात वाळून चिकटला होता आणि घाईत कोणीतरी आमटीचे खरकटे थेट गटारीत ओतले होते. रात्री पाऊस आला, भाताने तुंबलेली गटार उलटून पाणी दोन घरांच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि पोती कुत्र्यांनी फाडली. त्या दोन घरांची वर्गणी पुढची दोन वर्षे आली नाही. दोष आळसाचा मुळीच नव्हता, कारण ती सगळी पोरे पहाटेपासून राबली होती. दोष मी केलेल्या यादीचा होता.

त्यानंतर आम्ही जो नियम केला तो असा: शेवटची सफाई करणारा माणूस त्या दिवशी चार वाजेपर्यंत महाप्रसादाच्या कोणत्याही पाळीत नसेल. असे आठ जण कुठून आणायचे हा तुमचा पुढचा प्रश्न असेल आणि त्याचे उत्तर आपल्याच गावात आहे. शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारी मुले दुपारी सुटतात आणि चारच्या सुमाराला गल्लीत पोचतात. दुपारी येता येत नाही म्हणून ती एरवी महाप्रसादाच्या यादीतून सुटून जात आणि त्यांनाही त्याचे वाईट वाटत असे. चार ते साडेसहाची पाळी त्यांना दिली आणि प्रश्न मिटला. मात्र तीही आठ तास यंत्रावर उभी राहून आलेली असतात, हे विसरू नये. त्यांच्यासाठी आठ ताटे पहिल्या पंगतीच्या वेळीच स्वयंपाकातून बाजूला काढण्याऐवजी शेवटच्या गरम पातेल्यातून राखून ठेवावीत, कारण दुपारी बाराला काढलेला भात चार तास झाकून ठेवणे योग्य नाही. त्यांनी आधी बसून जेवावे आणि मगच झाडू हातात घ्यावा.

उष्ट्याची खरी सोय मात्र शेवटच्या तुकडीच्या हातात नसते, ती पंगत चालू असतानाच व्हायला हवी. म्हणून उष्टी उचलणाऱ्या चार जणांपैकी एकाने पिंपापाशीच उभे राहावे आणि बाकी तिघांनी पाने आणून द्यावीत. तीन पिंपे हवीत: एक खरकट्याचे, एक रिकाम्या पत्रावळी आणि द्रोणांचे, एक कोरड्या कचऱ्याचे. माणूस नसेल तर पिंपांवर कितीही मोठ्या अक्षरांत लिहा, दुसऱ्या पंगतीपर्यंत तिन्हींत सगळे एकत्र होते. पाने पानांचीच घ्यावीत. थर्माकोलच्या ताटांवर आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. तसेच शंभराहून अधिक माणसे जमणारा असा कार्यक्रम असेल तर निदान तीन कामाचे दिवस आधी महापालिकेला कळवावे आणि कचरा वेगळा करून द्यावा, हे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत स्पष्ट लिहिलेले होते. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी हे कळवण्याचा उपयोग फार मोठा आहे, कारण आरोग्य विभागाच्या मुकादमाशी आधी बोलणे झाले असेल तर गाडी कधी येईल हे कळते आणि शेवटच्या तुकडीला पोती कुठवर तयार हवीत ते ठरवता येते. हे कळवण्याचे काम कोणाचे, हेही यादीत एका नावापुढे लिहिलेले असावे. देवापुढचे निर्माल्य या कचऱ्यात कधीही मिसळू नये. त्याची टोपली मांडवात वेगळी असते, पहाटेच्या झाडलोटीची जोडी ती रोज रिकामी करते आणि विसर्जनाच्या ठिकाणी निर्माल्य घेण्याची सोय असते तिथे ते पोचवते.

भांड्यांबाबत एक छोटी सूचना. घासणारे चार जण दोन वाजताच सुरू करतात, शेवटची वाट पाहत नाहीत. चौथ्या पंगतीपर्यंत खिरीची आणि भाताची पहिली पातेली रिकामी झालेली असतात, त्यांत तेव्हाच पाणी ओतून ठेवले तर चारला घासायला निम्मा वेळ लागतो. भाड्याने आणलेली भांडी मोजून आत घेणारा आणि मोजून परत देणारा माणूस एकच असावा.

पाळी बदलतानाच बहुतेक घोटाळे होतात. एक जण सहाला निघून जातो, दुसरा साडेसहाला येतो आणि मधल्या अर्ध्या तासात मूर्तीपाशी कोणी नसते. यावर आमचा उपाय साधा आहे: मांडवाच्या किल्ल्यांचा जुडगा आणि हजेरीची वही एका माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातातच जाते, टेबलावर ठेवून कोणी जायचे नाही. येणाऱ्याने सही केल्याशिवाय जाणारा मोकळा होत नाही. प्रत्येक दिवसाला दोन राखीव नावे ठेवावीत आणि पाळी सुरू होण्याआधी पंधरा मिनिटे कोणी न आल्यास फोन राखीव माणसाला करावा. न आलेल्या माणसाचा पाठपुरावा त्या वेळी करत बसू नये, ते नंतर करता येते. पाळी बदलून हवी असेल तर ज्याची त्याने बदली माणूस आणावा आणि दोघांनी वहीत लिहावे. फोनवर «मी सांगितलं होतं की» असे म्हणणाऱ्याचे ऐकून घ्यावे, पण वहीत नसेल तर पाळी त्याचीच धरावी. पूर्ण यादी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून मांडवात लावावी. व्हॉट्सअॅपच्या गटावर फक्त दुसऱ्या दिवशीची नावे, आदल्या रात्री नऊला पाठवावीत. सगळी यादी तिथे टाकली की ती फुलांच्या फोटोंखाली गाडली जाते.

विसर्जनाच्या दिवसाबद्दल थोडक्यात सांगतो. आपल्याकडची मिरवणूक किती वेळ चालेल याचा भरवसा नसतो. मिरजकर तिकटीपासून महाद्वार रोडवरून पुढे सरकायलाच कित्येक तास जातात, आणि मूर्ती इराणी खाणीपर्यंत पोचेतो दुसरा दिवस उजाडू शकतो. म्हणून २४ जणांच्या दोन तुकड्या कराव्यात. पहिली तुकडी उत्तरपूजेपासून संध्याकाळपर्यंत, दुसरी संध्याकाळपासून मूर्ती विसर्जित होईपर्यंत, आणि दुसऱ्या तुकडीतल्या माणसांनी दुपारी घरी झोपलेच पाहिजे, असे मी आग्रहाने सांगतो. मूर्ती उचलून खाली घेण्याचे काम त्यांच्याकडे असते आणि दमलेल्या माणसांच्या हातून तिथेच अपघात होतात. दिवसभर नाचलेला कार्यकर्ता कितीही उत्साही असला तरी त्याला खाणीच्या काठाशी नेऊ नये. तसेच मांडवात मागे दोन माणसे राहिली पाहिजेत. मिरवणूक गेल्यावर दानपेटी, पूजेची चांदीची भांडी आणि देखाव्याचे दिवे एका ओसाड मांडवात पडून असतात, आणि नेमक्या त्या वेळी सगळी गल्ली महाद्वार रोडवर असते.

उतरवण्याच्या २० पाळ्या रविवारी, ७ सप्टेंबरला सकाळी घेऊ नका. मिरवणुकीहून आलेली माणसे तेव्हा झोपलेली असतात. रविवारी संध्याकाळी दहा जणांनी विजेचे सामान आणि कापड उतरवावे, सोमवारी संध्याकाळी दुसऱ्या दहांनी सांगाडा, आणि मांडवाचे खड्डे बुजवून घ्यावेत. सजावटीत ज्यांनी जास्त पाळ्या केल्या आहेत त्यांतला एक तरी जण दोन्ही दिवशी हवा, कारण कोणती तार कुठे जोडली आहे आणि पुढच्या वर्षी काय पुन्हा वापरता येईल हे त्यालाच माहीत असते.

त्याच आठवड्यात हजेरीची वही घेऊन बसा आणि प्रत्येक नावापुढे दोन आकडे लिहा: किती पाळ्या दिल्या होत्या आणि किती खरोखर केल्या. हे कोणाला वाचून दाखवायचे नसते. पुढच्या वर्षी ४६ मधून ३४ निघाले की ३१, हे ठरवताना त्या वहीसारखा दुसरा आधार नाही, आणि ज्याने आपल्या दोन अवघड पाळ्यांऐवजी पाच केल्या त्याला पुढच्या वर्षी पहिली निवड करू द्यायची, हेही तिच्यावरूनच ठरते.